हमशकल व्हिलन नुसताच व्हिलन वाटत असेल तर आधी हिरो काय काय नाकारतो ते बघा

प्रश्न: मी एक थ्रिलर कादंबरी लिहितोय. हिरो पतसंस्थांचं ऑडिट करतो, एकदम सरळ माणूस. मध्यावर त्याच्यासारखाच दिसणारा एकजण येतो आणि त्याच्या नावावर फ्रॉड करायला लागतो. ज्यांनी वाचलं ते म्हणतात डुप्लिकेट नुसता व्हिलन वाटतो, त्यातून हिरोबद्दल काहीच कळत नाही. हमशकल पात्र हिरोचा लपलेला चेहरा दाखवतं असं सगळीकडे वाचलंय, पण ते प्रत्यक्षात लिहायचं कसं?

उत्तर:

तुमचा घोळ कुठे झालाय ते तुमच्या एका वाक्यातच दिसतंय, "एकदम सरळ माणूस". हिरो एकदम सरळ आणि डुप्लिकेट एकदम वाकडा अशी वाटणी केली की दोघांचा एकमेकांशी संबंध फक्त चेहऱ्यापुरता उरतो, आणि नुसता चेहरा काही सांगत नसतो. मी बरीच वर्षं सिरीयल आणि कादंबऱ्यांच्या स्क्रिप्टवर काम करतोय, आणि डबल रोलचा ट्रॅक दर दोनचार महिन्यांनी कुणीतरी टेबलावर आणतंच (बहुतेक वेळा टीआरपी पडल्यावर). त्यात पहिल्यांदा मी एकच गोष्ट तपासतो: हमशकल काढून तिथे कुठलाही परका बदमाश ठेवला, समजा कुणी हिरोची सही गिरवणारा आणि आधार कार्ड बनवून घेणारा भामटा, तर गोष्ट चालते का? चालत असेल तर हमशकल तिथे फक्त कॉस्च्युम आहे. तुमच्या कथेत, जेवढं तुम्ही लिहिलंय त्यावरून, चालते.

हे जमवायचं कसं ते सांगायला मला रशियन लेखक दोस्तोयव्हस्कीच्या 'द डबल'पेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. 1846 सालची ही गोष्ट, लेखक तेव्हा 24 वर्षांचा. त्यात भूत नाही, औषध नाही, जत्रेत हरवलेला भाऊ नाही. पीटर्सबर्गमधला गोल्याद्किन नावाचा एक मधल्या हुद्द्याचा सरकारी कारकून, आणि एका रात्री त्याला अगदी त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच नावाचा माणूस भेटतो, जो दुसऱ्या दिवशी त्याच्याच ऑफिसात समोरच्या टेबलावर रुजू झालेला असतो. एवढंच. पण तो दुसरा गोल्याद्किन यायच्या आधीची जी पानं आहेत ना, खरं काम तिथे झालंय, आणि आपण लोक नेमकी तीच पानं घाईत उरकतो कारण ट्विस्टवर जायचं असतं.

त्या दिवशी सकाळी हा माणूस उठल्या उठल्या आरशात बघतो, तोंडावर पुटकुळी वगैरे आलेली नाही हे बघून खूष होतो, साठवलेले 750 रुबल मोजतो, भाड्याने भारी घोडागाडी आणतो, नोकराला उसना गणवेश चढवतो आणि बड्या माणसासारखा फिरायला निघतो. वाटेत शेजारून त्याच्या साहेबाची गाडी जाते आणि साहेब त्याला बघतो. आता या कारकुनाची तंतरते. नमस्कार करावा की न करावा? आणि मग त्याच्या डोक्यात येतं, की आपण आपण नाहीच असं दाखवावं, आपल्यासारखाच दिसणारा कुणी दुसरा आहे असं. मी नव्हेच, बस्स. म्हणजे बघा, हमशकल पुस्तकात यायच्या कितीतरी आधी हिरोने स्वतःच त्याला हाक मारलेली आहे, तीसुद्धा एका फालतू ऑकवर्ड क्षणातून सुटायला. नंतर जे काही होतं ते या पळवाटेचं बिल आहे.

मग तो डॉक्टरकडे जातो आणि तिथे त्याची लांबच लांब टकळी सुरू होते. मी साधा माणूस आहे, मला गोड गोड बोलता येत नाही, मी कारस्थानं करत नाही आणि त्याचा मला अभिमान आहे, मुखवटा मी फक्त मुखवट्यांच्या नाचाला लावतो, रोज लोकांसमोर लावून फिरत नाही. कुणी विचारलेलं नसताना! आणि हे चालू असतानाच त्याच दमात तो साहेबाच्या भाच्याला मिळालेल्या बढतीबद्दल असे काही टोमणे मारतो की त्याच्या पोटात काय जळतंय ते डॉक्टरला काय, आपल्यालाही लगेच कळतं. आता पुढे येणारा दुसरा गोल्याद्किन कसा आहे? गोड बोलणारा, कारस्थानी, साहेबांच्या पुढेपुढे करणारा, कुठेही सहज घुसणारा. पहिल्याने जे जे 'मी नाही' म्हणून सांगितलं ते एकेक करून दुसऱ्याच्या अंगात उतरलंय. लेखकाने हमशकलचं वेगळं कॅरेक्टर स्केच केलेलंच नाही असं म्हटलं तरी चालेल, हिरोच्या नकारांची यादी केली आणि तीच माणूस करून उभी केली.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच असतो की डुप्लिकेटची बॅकस्टोरी लिहायला बसू नका. त्याचं बालपण, त्याचा सूड, अनाथाश्रम, काही नको. हिरो न विचारता कुठल्या गोष्टी नाकारतो ते लिहा. न विचारता हे महत्त्वाचं, कारण विचारल्यावर कुणीही नाही म्हणतं. आणि नकार नेमका पाहिजे. 'मी वाईट नाही' यातून काहीच तयार होत नाही, त्यातून मिशीवाला व्हिलन येतो. 'मला गोड बोलता येत नाही' यातून मात्र एक अख्खा माणूस तयार होतो, कारण त्याच्यामागे हेवा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एंट्री कधी. गोल्याद्किन त्या संध्याकाळी एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलीच्या वाढदिवसाला जातो, दारातच त्याला घेत नाहीत, तर हा मागच्या जिन्यात अडगळीत जवळपास तीन तास उभा राहतो आणि शेवटी घुसतो, मुलीबरोबर नाचायचा प्रयत्न करतो, ती किंचाळते आणि याला धरून बाहेर काढतात. बाहेर नोव्हेंबरातली रात्र, वारा, बर्फ आणि पाऊस एकत्र, आणि नदीच्या कठड्याजवळ उभ्या या माणसाला स्वतःपासून पळून जायचंय, नाहीसं व्हायचंय. तिथे तो दुसरा समोरून येतो. दोनदा भेटतो, मग याच्या पुढे पुढे याच्याच घराकडे चालायला लागतो, आणि हा धापा टाकत खोलीत पोचतो तर तो कोट टोपीसकट याच्याच पलंगावर बसून ओळखीचं हसतोय. हमशकल कधीही आला तर तो योगायोग, पण हिरोला स्वतःचा जीव नकोसा झालाय त्याच घटकेला आला तर वाचक 'असं कसं' विचारत नाही. तुमच्याकडे तो 'मध्यावर' येतो असं तुम्ही लिहिलंय. पानांचा हिशोब सोडा, हिरोची सगळ्यात मोठी बेइज्जती कुठे होते ते शोधा आणि त्याच रात्री आणा.

आता जिथे नव्वद टक्के स्क्रिप्ट गळपटतात तो भाग. डुप्लिकेट आल्या आल्या शत्रू असतो. दोस्तोयव्हस्कीने काय केलंय बघा, दुसरा गोल्याद्किन पहिल्या दिवशी बिचारा आहे, गरीब, लाजरा, संध्याकाळी याच्या मागे मागे घरी येतो, जेवतो, आपली दुःखाची कहाणी सांगतो, हा त्याच्यासाठी रडतो, मग पंच पिऊन दोघं गळ्यात गळे घालतात. आणि झोपताना आपला हा 'मी कारस्थानी नाही' वाला माणूस त्याला काय सांगतो, आपण दोघं भावाभावासारखे राहू आणि मिळून डाव खेळू, त्यांच्या नाकावर टिच्चून कारस्थान करू. डॉक्टरपुढे ज्याचा अभिमान मिरवला होता तो एका ग्लासात विरघळला! हमशकलने अजून काहीही वाईट केलेलं नाही. फक्त त्याच्यासमोर हिरोला खरं बोलायचं धाडस झालंय. 'लपलेला चेहरा' म्हणतात तो हमशकलच्या तोंडावर शोधू नका, हमशकल समोर असताना हिरो कसा वागतो त्यात तो असतो. हा माझा सगळ्यात ठाम मुद्दा आहे आणि यावर मी लोकांशी तासन् तास वाद घातलेत.

सकाळी पाहुणा गायब. ऑफिसात तो ओळख दाखवत नाही, आणि साहेबांकडे न्यायच्या कागदावर डाग पडलाय, थांबा खरवडून देतो असं म्हणत हातातला कागद घेतो आणि थेट साहेबांपुढे स्वतःचं काम म्हणून नेऊन ठेवतो. पण मला त्याहून आवडतो तो रेस्टॉरंटचा प्रसंग. हिरो एक पॅटिससारखा पदार्थ खातो, पैसे द्यायला जातो तर मालक म्हणतो अकराचे द्या. अहो मी एकच खाल्ला! मग याची नजर समोर जाते, तिथे आत्तापर्यंत ज्याला तो आरसा समजत होता ते दार आहे, आणि दारात दुसरा उभा राहून दहावा संपवतोय. आणि आपला माणूस भांडत नाही, मुकाट्याने अकराचे पैसे भरतो. का भरतो? कारण भांडायचं तर 'तो मी नाही' हे चारचौघांत सिद्ध करावं लागेल, आणि त्या पहिल्या सकाळी गाडीत बसून तो नेमकं तेच वाक्य खोटेपणाने बोलला होता. चोरी छोटी आहे म्हणून ती अंगावर येते. करोडोचा फ्रॉड झाला की पोलीस येतात, वकील येतात, गोष्ट कुणी केलं यावर जाते. दहा पॅटिसच्या बाबतीत कुणाकडे जाणार?

आणखी एक, इतर लोक. आपल्याकडे हमशकल दिसला की सगळी पात्रं 'अरे बापरे' करत बसतात. इथे हिरोचा सीनियर कारकून नुसतं म्हणतो की हो, साम्य आहे बुवा खरं, माझ्या मावशीलाही मरायच्या आधी स्वतःसारखीच एक दिसली होती, आणि परत कागदात डोकं घालतो. कुणालाच विशेष वाटत नाही! म्हणजे या माणसाच्या जागी दुसरा आला तरी ऑफिसला काही फरक पडत नाही, उलट दुसरा जास्त चालतोय, जास्त मिसळतोय. हिरोची मूळ भीती हीच होती, आपण कुणीच नाही ही. ती भीती हमशकल बोलून दाखवत नाही, बाकीचे लोक न चमकून दाखवतात.

सगळंच डोक्यावर घेण्यासारखं नाही. मधला भाग ताणलेला आहे, तीच तीच पळापळ आणि पत्रापत्री होते. बेलीन्स्कीसारख्या समीक्षकाने तेव्हाच लांबण लागल्याची तक्रार केली होती, आणि खुद्द लेखकाने तीसेक वर्षांनी कबूल केलं की रूप जमलं नाही, कल्पना मात्र गंभीर होती. तुम्हाला त्यातून घ्यायचं ते असं की हमशकलने प्रत्येक वेळी हिरोकडून काहीतरी नवीन काढून घेतलं पाहिजे, आधी जेवण, मग काम, मग मान, मग घर. नुसतं परत परत चिडवलं की वाचक पानं उलटतो.

उलटा प्रकारही आहे, तो माहीत असू द्या कारण कदाचित तुमच्या कामाला येईल. एडगर अ‍ॅलन पो याच्या 1839 मधल्या 'विल्यम विल्सन'मध्ये बदमाश हा स्वतः गोष्ट सांगणारा आहे आणि हमशकल चांगला आहे. शाळेपासून मागे लागलेला, त्याच नावाचा, त्याच जन्मतारखेचा, फक्त घशाच्या दोषामुळे कुजबुजीच्या वर आवाज न चढणारा. हा ऑक्सफर्डला पत्त्यांत लुबाडत असतो तेव्हा तो येऊन सगळ्यांसमोर बिंग फोडतो. म्हणजे दाबून टाकलेली गोष्ट प्रत्येक वेळी वासनाच असते असं नाही, सदसद्विवेकही दाबला जातो. आणि स्टीव्हनसनचा हाइड घ्या, डॉक्टर जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन ज्या माणसात बदलतो तो, लोक त्याला 'चांगला डॉक्टर, वाईट हाइड' असं लक्षात ठेवतात ते चूक आहे. 1886 च्या मूळ पुस्तकात हाइड निव्वळ वाईट आहे, पण जेकिल काही निव्वळ चांगला होत नाही, तो पहिल्यासारखाच मिक्स राहतो. औषध घ्यायच्या आधीही त्याचे लपवलेले शौक होतेच, औषधाने फक्त लाज काढून टाकली. हाइड अंगाने लहान आहे, जेकिलचे कपडे त्याला ढगळ होतात, कारण ती बाजू आजवर कमी वापरली गेली असा त्याचा स्वतःचा खुलासा आहे. एका शारीरिक तपशिलात केवढं सांगून टाकलंय. तुमच्या डुप्लिकेटलाही असा एकच फरक द्या, आणि तो दाढी किंवा गालावरचा व्रण नको, हिरोने काय वापरलं नाही ते सांगणारा फरक द्या.

आपल्या हिंदी सिनेमातल्या डबल रोलचं गणित वेगळं आहे, ते इथे मिसळू नका. तिथे एक दबलेला आणि एक बेधडक असे जुळे अदलाबदल होतात आणि बेधडक येऊन घर सरळ करतो, प्रेक्षक एका तिकिटात स्टार दोनदा बघायला आलेला असतो. मस्त प्रकार आहे, मला आवडतो, पण तिथे दुसरा हा उपाय असतो. तुम्हाला तो दुखणं म्हणून पाहिजे.

आता तुमचा ऑडिटर. मला तुमचं स्क्रिप्ट माहीत नाही, पण मी असतो तर असा गेलो असतो. हा माणूस कडक आहे, संचालकांच्या नातेवाइकांना पुरेसं तारण न घेता दिलेली कर्जं तो अहवालात स्पष्ट लिहितो, जिथे बाकीचे 'अ' वर्ग देऊन मोकळे होतात तिथे हा 'क' देतो. परिणाम काय, तर पुढच्या वर्षी वार्षिक सभेत ऑडिटर म्हणून याचं नाव कुणी सुचवत नाही, काम आटत चाललंय, बायको काही बोलत नाही पण मुलीच्या क्लासची फी दोन हप्त्यांत भरते. आणि हा सगळ्यांना न विचारता सांगत फिरतो, मी कुणाच्या चहाचा मिंधा नाही, मला चेअरमनच्या केबिनमध्ये बसून गप्पा मारता येत नाहीत, आपल्याला माणसं सांभाळता येत नाहीत बुवा. झाली तुमची यादी. डुप्लिकेट हा फ्रॉड करणारा नाही, तो माणसं सांभाळणारा आहे. चेअरमनच्या केबिनमध्ये पाय पसरून बसणारा, शिपायाच्या पोराचं नाव लक्षात ठेवणारा, आणि सहज म्हणून एक 'अ' वर्ग देऊन टाकणारा.

मग क्रम असा. एका सभेत याला सगळ्यांसमोर पाडतात, 'साहेब तुम्ही संस्था बुडवायला निघालात' असं काहीतरी, लोक हसतात. त्या रात्री एसटी स्टँडवर, शेवटची गाडी गेलेली असताना, तो भेटतो. पहिल्यांदा नुकसान अजिबात करू नका, फायदा करा. दोन आठवड्यांनी एका तालुक्याच्या पतसंस्थेतून फोन येतो की शेजारच्या संस्थेचा तुमचा अहवाल छान होता, यंदा आमचंही तुम्हीच करा. याने त्या शेजारच्या संस्थेत पाऊलही टाकलेलं नाही. आणि इथे कादंबरीतला सगळ्यात मोठा सीन आहे: तो नाही म्हणत नाही. 'हो, बघू' म्हणतो. फी घेतो, क्लासची उरलेली फी एकदम भरतो, बायको कित्येक महिन्यांनी नीट हसते. हा एक फोन नीट लिहिलात तर पुढचे सगळे घोटाळे त्याचे स्वतःचे होतात, डुप्लिकेट कुठलाही कागद सही करो.

त्यानंतर हळूहळू काढून घ्यायला लागा. चहाच्या टपरीवर याच्या नावावर उधारी. मग शिपाई याला बघून विचारतो, साहेब आज गप्प गप्प का, परवा किती हसवलंत. मग बायको म्हणते, परवा बोललात तसं बोला ना, बरं वाटलं. ती नेमकं कुणाशी बोलली होती ते कळू देऊ नका, त्याला विचारायचं धाडस होत नाही एवढंच दाखवा. ठेवी बुडाल्याची बातमी, पोलीस, गुन्हा, हे सगळं तुमच्या थ्रिलरला पाहिजे ते येऊ द्या, पण उशिरा, आणि चौकशीत तो 'ती सही माझी नाही' म्हणतो तेव्हा वाचकाला तो फोन आठवला पाहिजे.

शेवटाबद्दल एकच सावधगिरी. हिरो डुप्लिकेटला मारून मोकळा झाला तर एवढं सगळं केलेलं पाण्यात जातं, कारण त्याचा अर्थ होतो की तो भाग बाहेरचा होता, काढून टाकता येण्यासारखा. पोच्या गोष्टीत तो मारतो आणि त्यात स्वतःचाच खून झालेला असतो. गोल्याद्किनला वेड्यांच्या दवाखान्यात नेतात तेव्हा दुसराच धावत येऊन गाडीचं दार उघडतो, मग थोडं अंतर गाडीबरोबर पळतो आणि खिडकीतून निरोपाचे मुके फेकतो. जेलमध्ये हिरो गेला आणि बाहेर डुप्लिकेट राहिला तर ते दोस्तोयव्हस्कीच्या फार जवळ जाईल, म्हणून मी तुमच्या जागी दुसरं करून बघेन. डुप्लिकेट एके दिवशी यायचाच बंद होतो, केस चालू आहे, आणि एका चेअरमनचा फोन येतो, तेच काम, तोच 'अ' वर्ग. आता करायचं तर हिरोला स्वतःच करावं लागेल. तो काय उत्तर देतो ते लिहायच्या आधी त्या क्लासच्या फीची पुढची तारीख कधी आहे ते ठरवून ठेवा, कारण तिथे तुम्हाला त्याचा खरेपणा आणि त्याची गरज दोन्ही एका पानावर लागणार आहेत.